एका कुत्र्याचे दोन कान आणि दोन वेगळ्या स्लाइड

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस सुरू करणाऱ्याकडे पावसाळ्यात सगळ्यात जास्त काय येत असेल, तर कान झाडणारी कुत्री. खानापूरच्या बाजूला पाऊस धो धो पडतो, हवा महिनोन्‌महिने दमट असते, आणि लोंबत्या कानांच्या लॅब्राडोर, कॉकरसारख्या जातींचे कान आतून सुकतच नाहीत. नवीन डॉक्टर बहुतेक वेळा वासावरून आणि मळाच्या रंगावरून औषध ठरवतो: तपकिरी मळ म्हणजे यीस्ट, पिवळा पू म्हणजे बॅक्टेरिया. हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. दोन्ही एकत्र असतात, किंवा रंग एक आणि जंतू दुसराच निघतो. म्हणून स्लाइड बघितल्याशिवाय थेंब लिहू नका, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एक केस सविस्तर सांगतो, म्हणजे का ते कळेल.

खानापूरजवळच्या गावातला चार वर्षांचा लॅब्राडोर, वजन तीस किलो. मलप्रभेत पोहायची सवय. मालक म्हणाले, "डॉक्टर, लई दिवस झाले, सारखं कान झाडायलाय बघा. खोबरेल तेलात लसूण उकळून घातलं, मेडिकलमधले माणसांचे थेंब पण घातले. जरा बरं वाटतंय, परत तेच." तेल घातलेल्या कानाची स्लाइड वाचायला त्रासदायक असते, मळ काचेला नीट चिकटत नाही. त्यामुळे शेवटचं काय आणि कधी घातलं हे विचारून लिहून ठेवा. या कुत्र्याच्या कानात दोन दिवसांत काही घातलेलं नव्हतं, म्हणून लगेच सॅम्पल घेतलं.

सॅम्पल कान धुण्याआधी घ्यायचं. स्वॅब सरळ खाली ढकलायचा नाही. कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आडवी वळते, त्या वळणापर्यंतचा मळ हवा. दोन्ही कानांचे स्वॅब वेगळे. काचेवर घासायचं नाही, लोळवायचं. घासलं की पेशी फुटतात आणि त्यांच्या केंद्रकाचे जांभळे धागे सगळीकडे पसरतात. एकाच काचेवर डावा एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला घेतला तरी चालतं, पण खुणा पेन्सिलने करा, कारण स्टेनच्या पहिल्या बाटलीतलं मिथेनॉल मार्करची शाई पुसून टाकतं. पुढे तीन बाटल्यांचा झटपट स्टेन, प्रत्येकात पाच ते दहा वेळा बुडवून काढायचं, पाण्याने हलकेच धुवून वाळवायचं.

आधी दहाची लेन्स लावून पेशी कुठे दाट आहेत ते शोधा. मोजणी चाळीसच्या लेन्सखाली, वेगवेगळ्या दहा ठिकाणी, आणि आकार पक्का करायला शंभरची ऑइल लेन्स. यीस्ट म्हणजे मॅलासेझिया. एका टोकाला कळी फुटलेली असल्यामुळे ती दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी, मध्ये दबलेली दिसते. बॅक्टेरिया तिच्यापुढे फार लहान असतात: गोल ठिपके जोडीने किंवा घोळक्याने दिसले तर कॉक्काय, काड्या दिसल्या तर रॉड. या स्टेनमध्ये सगळेच बॅक्टेरिया निळे-जांभळे रंगतात, त्यामुळे रंगावरून ग्रॅम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे सांगता येत नाही. सांगता येतो तो फक्त आकार.

नवख्याची नजर फसते ती दोन गोष्टींना. काळ्या कुत्र्यांच्या त्वचापेशींत मेलॅनिनचे कण असतात. ते स्टेन न घेता मूळच्याच तपकिरी रंगाचे राहतात, पण कॉक्काय किंवा रॉड असल्याचा भास होतो. दुसरं म्हणजे स्टेनचा गाळ. तो वेड्यावाकड्या आकाराचा असतो आणि पेशींपेक्षा वरच्या पातळीवर फोकस होतो. स्टेनच्या बाटलीतही जंतू वाढतात. सगळ्याच पेशंटच्या स्लाइडवर एकसारखे रॉड दिसू लागले, तर एक कोरी काच स्टेन करून बघा.

या लॅब्राडोरच्या डाव्या कानात चाळीसच्या लेन्सखाली एका फील्डला सरासरी बारा यीस्ट होते, कॉक्काय दोन-तीन, आणि न्यूट्रोफिल जवळजवळ नव्हतेच. कुत्र्याच्या निरोगी कानातही थोडे जंतू राहतात. फील्डला दोनपर्यंत यीस्ट आणि पाचपर्यंत बॅक्टेरिया मी नॉर्मल धरतो. यीस्ट पाचच्या वर किंवा बॅक्टेरिया पंचवीसच्या वर गेले की उपचार. मधल्या आकड्यांना कान किती लाल आहे, कुत्रं किती खाजवतंय, यावरून ठरवतो. म्हणजे डावा कान यीस्टचा. तिथले दोन-तीन कॉक्काय अँटिबायोटिक मागत नव्हते.

उजव्या कानाचं चित्र वेगळंच होतं. फील्डभर न्यूट्रोफिल, त्यांच्या पोटात गिळलेल्या काड्या, आणि यीस्ट जेमतेम. गिळलेले बॅक्टेरिया दिसले की आकडा मोजत बसू नका, तो संसर्गच. आणि रॉड म्हटलं की स्यूडोमोनासची शंका घ्यायचीच. तो कान पिवळट, दुखरा आणि इतका सुजलेला होता की ऑटोस्कोपची नळी आत जात नव्हती, पडदा दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

डाव्या कानाला साफ करून क्लोट्रिमाझोल आणि स्टेरॉइडचे थेंब, रोज दोनदा. इथे प्रमाणाचा मुद्दा येतो. साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो. तीस किलोच्या कुत्र्याच्या लांब नळीत 'तीन-चार थेंब' लिहिले, तर औषध वरच्या केसांतच राहतं. मी अर्धा ते एक मिली लिहितो, सिरिंजने मोजून दाखवतो आणि नंतर कानाचं बूड चोळायला सांगतो.

उजव्या कानात पडदा दिसेपर्यंत जेंटामायसिन घालायचं नाही हे ठरलेलं. पडदा फाटलेला असेल तर ते आतल्या कानाला इजा करून बहिरेपण आणि तोल जाण्याची वेळ आणू शकतं. क्लोरहेक्सिडिनने धुणंही त्याच कारणाने टाळलं. आधी कल्चरसाठी स्वॅब घेतला. मग सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोन किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे रोज तीस मिलिग्रॅम, पाच दिवस, आणि पुढे कमी करत. कोमट सलाइनने पू धुतला, ट्रिस-ईडीटीए घातलं आणि वीस मिनिटांनी सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब. ट्रिस-ईडीटीए ग्रॅम निगेटिव्ह जंतूंची बाहेरची भिंत ढिली करतं, म्हणून ते आधी, अँटिबायोटिक मागून.

सातव्या दिवशी नळी उघडली होती आणि पडदा अखंड दिसला. कल्चरमध्ये स्यूडोमोनास आलं. रिपोर्ट वाचताना एक लक्षात ठेवा: त्यातलं 'रेझिस्टंट' रक्तात पोचणाऱ्या औषधाच्या प्रमाणावरून ठरवलेलं असतं. कानात थेट घातलेल्या थेंबात औषध त्याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे कान सुधारत असेल आणि स्लाइडवरचे रॉड कमी होत असतील, तर केवळ कागद बघून औषध बदलू नका.

दोन आठवड्यांनी डावी स्लाइड स्वच्छ होती, तिथलं औषध थांबवलं. उजवीकडे रॉड नव्हते, पण न्यूट्रोफिल थोडे होते, म्हणून आणखी दहा दिवस. कान वरून कोरडा दिसला म्हणून बंद करायला मालक नेहमीच तयार असतात. थांबायचं ते स्लाइड बघून.

पण यीस्ट किंवा रॉड हे मूळ कारण नव्हे. या कुत्र्याचे पंजे चाटून तांबूस झाले होते, काखा लाल होत्या, आणि त्रास दर वर्षी वाढत होता. ही ॲलर्जीची लक्षणं. त्याला घरी भात, दूध, अंडी, चिकन सगळंच मिळायचं. आठ आठवडे, त्याने आजवर न खाल्लेल्या एकाच मांसाचा आणि एकाच पिष्टाचा आहार ठरवून दिला, पोहून आल्यावर कान कोरडे करायला दाखवलं. खाण्याने फरक पडला नाही, तर पुढचा विचार ॲटोपीचा, आणि तिचे उपचार त्वचेपासून सुरू होतात.