यू-डायस कोडवरून शाळा शोधताना या चुका टाळा

पहिली चूक नंबर उचलतानाच होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि प्रगतिपुस्तकावर शाळेच्या यू-डायस क्रमांकाबरोबर, म्हणजे सरकारी नोंदणीत प्रत्येक शाळेला मिळणाऱ्या ओळख क्रमांकाबरोबर, मुलाचे नंबरही असतात. त्यातला ‘पेन’, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, हाही यू-डायससारखाच ११ अंकी असतो. तो शाळेचा समजून टाकला की यू-डायस प्लस हे सरकारी पोर्टल काहीच दाखवत नाही, आणि पालकांना वाटतं शाळेची नोंदच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. शाळेचा कोड राज्याच्या क्रमांकाने सुरू होतो: महाराष्ट्राचा 27, गोव्याचा 30, दिल्लीचा 07. दिल्लीहून बदली होऊन आलेल्यांनी एक्सेलकडे लक्ष ठेवावं. तिथे पुढचं शून्य गळतं आणि कोड १० अंकी उरतो. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या.

कोड सुटा करून वाचला की शाळेचा ठावठिकाणा कळतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. म्हणजे 2725 ने सुरू होणारी शाळा पुणे जिल्ह्यातली. दोन कोडांचे पहिले नऊ अंक सारखे आणि शेवटी एकाचे 01, दुसऱ्याचे 04 असतील, तर गाव एकच, पण शाळा वेगळ्या. एकाच आवारात एकाच संस्थेची मराठी प्राथमिक शाळा आणि इंग्रजी माध्यमाची शाळा असते तिथे हमखास गफलत होते. नावं जवळजवळ सारखी असतात, म्हणून नावावर न जाता शेवटचे दोन अंक, माध्यम आणि ‘इयत्ता कुठून कुठपर्यंत’ हे तिन्ही ताडून पाहा. यू-डायस प्लसच्या ‘नो युवर स्कूल’ पानावर कोड टाकला की ही माहिती मिळते.

खरा घोळ संलग्नतेचा, म्हणजे शाळा कोणत्या बोर्डाशी जोडलेली आहे याचा आहे. कोडात बोर्ड कुठेच नसतं. पोर्टलवर ‘व्यवस्थापन’ या रकान्यात जिल्हा परिषद, खासगी अनुदानित, खासगी विनाअनुदानित असं दिसतं, आणि अनेकजण त्यावरूनच बोर्ड ठरवून टाकतात. व्यवस्थापन म्हणजे शाळा कोण चालवतं एवढंच. विनाअनुदानित शाळा राज्य मंडळाची असू शकते, तशी सीबीएसईचीही. बोर्डाचा रकाना माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांसाठी वेगवेगळा असतो. त्यामुळे सातवीपर्यंतच्या शाळेत तो रिकामा दिसला तर घाबरू नका, त्यात गैर काही नाही. पण नववी-दहावी असलेल्या शाळेत रिकामा दिसला, तर मुख्याध्यापकांना विचारलंच पाहिजे.

ही माहिती शाळा स्वतः भरते, तीही दर वर्षी. बोर्ड नुकतंच बदललं असेल तर जुनंच दिसू शकतं. म्हणून प्रवेशाआधी दुसरीकडे पडताळा घ्या: सीबीएसईची शाळा असेल तर saras.cbse.gov.in वर संलग्नता क्रमांक आणि त्याची मुदत पाहा, राज्य मंडळाची असेल तर मंडळाने दिलेला इंडेक्स नंबर शाळेकडे मागा. शाळा फक्त यू-डायस दाखवून ‘हीच आमची मान्यता’ म्हणत असेल, तर संलग्नतेचं पत्र पाहिल्याशिवाय फी भरू नका.