घरात स्टीम केबिन किंवा डिजिटल शॉवर पॅनल घ्यायचं का? आधी टाकी बघा, मग दुकान

दुकानातल्या पॅनलमागे पंप जोडलेला असतो, आपल्या घरी गच्चीवरची टाकी असते. म्हणून पहिलं काम टेप घेऊन गच्चीवर जायचं. टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत जेवढी उंची, तेवढा दाब: दहा मीटरला साधारण एक बार. सर्वात वरच्या मजल्यावर ही उंची जेमतेम तीन मीटर, म्हणजे 0.3 बार. अंगावर चहूबाजूंनी फवारे मारणाऱ्या पॅनलला बहुतेक वेळा एक बार किंवा जास्त दाब लागतो. कमी दाबात ते फवारे अंगापर्यंत पोचतच नाहीत, भिंतीवरून ओघळतात. अशा घरात पॅनलच्या किमतीत प्रेशर पंप धरूनच हिशेब करा.

दुसरं, पाणी. टीडीएस मीटरवर विसंबू नका, त्यात सगळे क्षार एकत्र येतात. पाण्याचा कठीणपणा मोजणारं थेंबांचं किट घ्या. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हे टाळूच नका. स्टीम जनरेटरमधून पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागेच राहतात. समजा तुमची केबिन सव्वादोन घनमीटरची आहे आणि जनरेटर 4 किलोवॉटचा. अर्धा तास चालवला तर दोन युनिट वीज लागते आणि अंदाजे अडीच लिटर पाण्याची वाफ होते. कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅम असेल तर एका वेळी सव्वा ग्रॅम क्षार उरतो. आठवड्यातून दोनदा वापरलं तर वर्षाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. हा सगळा हीटरवर बसत नाही, पण बसतो तो पांढऱ्या खडूसारखा कडक थर. वाफ यायला नेहमीपेक्षा उशीर लागू लागला की समजा, थर जमलाय.

म्हणून वापरानंतर स्वतःच्या आतल्या टाकीतलं पाणी आपोआप सोडून देणारा जनरेटरच घ्या, आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे सायट्रिक अॅसिडने साफ करत राहा. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवला तर त्याच्या मिठाचा खर्चही धरा.

तिसरं, वायरिंग. 4 किलोवॉट म्हणजे साडेसतरा अँपिअर. गीझरचा 16 अँपिअरचा पॉइंट त्याला पुरत नाही. मीटरपासून स्वतंत्र लाइन, वेगळा एमसीबी आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी हवाच. बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या.

डिजिटल पॅनलबाबत मी विक्रेत्याला एकच गोष्ट विचारते: वीज गेली तर अंघोळ अर्धवट राहते का? हाताने फिरवायचा नळ नसेल तर मी ते घेणार नाही. आत सर्किट बोर्ड आणि विजेवर उघडबंद होणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात, आणि मॉडेल बंद झालं की बोर्ड मिळणं अवघड होतं. वरचा मजला आणि बोअरचं पाणी अशा घरात कमी दाबावर चालणारा साधा थर्मोस्टॅटिक मिक्सर आणि हँडशॉवर लावा. त्याचा कार्ट्रिज कोणताही चांगला प्लंबर बदलून देतो. स्टीम मात्र, आठवड्यातून दोनदा खरंच बसणारा माणूस घरात असेल आणि पाणी मऊ असेल, तर घ्यायला हरकत नाही.