सहा मीटरचे पाइप कापताना या चुका टाळा : नऊ पाइपांच्या कामाला अकरा का लागतात

एप्रिल-मे आला की गोव्यात पत्र्याच्या शेडची कामं एकदम अंगावर येतात. प्रत्येकाला पावसाआधी पडवी झाकून हवी असते. अशा घाईत पाइप मोजण्याचं काम बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवर उभ्या-उभ्या होतं, आणि निम्मं भंगार तिथेच तयार होतं. कापणारा हात कितीही सफाईदार असला तरी चुकीच्या हिशोबावर तो काही करू शकत नाही.

एकच काम घेऊन बघू. घरापुढची साधी शेड, ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, जाडी २ मिमी. खांबांसाठी २.३५ मीटरचे ८ तुकडे, आडव्या पाइपांसाठी १.७५ मीटरचे १० आणि मधल्या आधारांसाठी १.२० मीटरचे १२. सगळे काप सरळ. एकूण लांबी ५०.७ मीटर. तिला ६ ने भागलं तर ८.४५ येतात, म्हणजे ९ पाइप. हा आकडा लक्षात ठेवा, पण ऑर्डर एवढ्यावर देऊ नका. ९ पेक्षा कमी पाइपांत काम होणार नाही, इतकंच तो सांगतो. नऊमध्ये होईलच अशी हमी त्यात नाही.

चूक पहिली : ‘वीस फुटी’ समजून माप देणं

बाजारात या पाइपाला सगळेच वीस फुटी म्हणतात. वीस फूट म्हणजे ६०९६ मिमी. पाइप ६००० मिमीचा, म्हणजे १९ फूट ८ इंचांच्या आसपास. जवळजवळ चार इंचांचा फरक. गिऱ्हाईक ‘पाच-पाच फुटांचे चार’ म्हणतं, मिस्त्री मान डोलावतो आणि चौथा तुकडा चार फूट आठ इंचांचा निघतो. काही पाइप सहा मीटरपेक्षा थोडे जास्त भरतात हे खरं, पण तो वरचा माल समजा, हिशोबात धरू नका. आल्यावर प्रत्येक पाइपाला टेप लावा आणि टोकंही बघा. उघड्यावर पडलेल्या मालाची टोकं गंजलेली किंवा गाडीत चेपलेली असतात. तिथले वीस-तीस मिमी गेले की काठोकाठ बसवलेला हिशोब कोसळतो.

चूक दुसरी : चाक खातं ते विसरणं

१४ इंची कटर मशीनचं चाक दर कापाला साधारण ३ मिमी खातं. आपल्या भाषेत एक सूत. एका कापाचं काही वाटत नाही, पण आपल्या कामातला १.२० चा तुकडा बघा. पाच गुणिले १.२० बरोबर सहा मीटर! कागदावर इतकं देखणं उत्तर दुसरं नाही, आणि घोटाळाही तिथेच होतो. पाच तुकड्यांना चार काप लागतात, म्हणजे १२ मिमी गेले. पाचवा तुकडा ११८८ मिमीचा येतो. बाकीच्या आधारांच्या रांगेत तो जवळपास अर्ध्या इंचाने आखूड पडतो. मग वेल्डिंगने भर घालून वेळ मारून नेली जाते आणि रंगाखालीही तो सांधा ओळखू येतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकड्याच्या लांबीत ३ मिमी मिळवून हिशोब करा. शेवटच्या तुकड्यापुढे काप लागत नाही, म्हणून पाइपाचीही लांबी ६००३ धरा. मग पाच तुकडे ६०१५ होतात आणि बसत नाहीत हे कागदावरच कळतं. एक्सेलमध्ये A स्तंभात लांबी मिमीत आणि B मध्ये नग लिहिले, तर कमीत कमी पाइपांचा आकडा असा निघतो :

```
=ROUNDUP(SUMPRODUCT(A2:A4+3,B2:B4)/6003,0)
```

आपल्या शेडसाठी उत्तर ९ च येतं. बँडसॉ असेल तर पातं याहून कमी खातं. एक चाचणी काप मारून प्रत्यक्ष मोजा आणि ३ च्या जागी तो आकडा घाला.

चूक तिसरी : एकेक माप संपवत जाणं, किंवा ‘मोठे आधी’ म्हणून डोळे मिटणं

वर्कशॉपमधली नेहमीची सवय म्हणजे एका मापाचे सगळे तुकडे कापून दुसऱ्या मापाकडे वळायचं, आणि प्रत्येक मापाला नवा पाइप घ्यायचा. २.३५ चे एका पाइपात दोन, म्हणजे ४ पाइप. १.७५ चे तीन-तीन, म्हणजे आणखी ४. १.२० चे चारच बसतात, म्हणून ३. एकूण ११. कोपऱ्यात १.२९ मीटरचे चार तुकडे पडलेले, शेजारी ११८८ मिमीचे तीन.

जाणता मिस्त्री म्हणेल, आधी मोठे तुकडे काप आणि उरलेल्यात लहान बसव. सल्ला चांगलाच आहे. २.३५ च्या चार पाइपांच्या शेपटांतून १.२० चे चार निघतात. पण १.७५ ला आल्यावर हात आपसूक तीन-तीन कापतो आणि प्रत्येक पाइपामागे ७४१ मिमीचं शेपूट सोडतो. त्यात १.२० बसत नाही. चौथ्या पाइपातून १.७५ चा एकच लागतो, उरलेल्यातून १.२० चे तीन निघतात. तरीही पाच आधार राहतात. एका पाइपात चारच बसत असल्यामुळे या पाच तुकड्यांसाठी दोन पाइप आणावे लागतात. एकूण १०.

नऊचं उत्तर मिळवायचं तर पहिला काप मारण्याआधी जोड्या लिहून काढाव्या लागतात. एका पाइपात कोणती मापं एकत्र बसून थोडंच उरतं ते बघायचं. इथे २.३५ चे दोन आणि १.२० चा एक मिळून ५.९० होतात. १.७५ चे दोन आणि १.२० चे दोन मिळूनही ५.९० च. एक २.३५ आणि तीन १.२० केले तर ५.९५ होतात. कागदावर हे सर्वांत सरस दिसतं, पण काप धरल्यावर ३८ मिमीच उरतात. टोक जरा चेपलेलं निघालं की ही जोडी गेली. म्हणून मी ती सोडून देतो.

आता मांडणी करा. पहिल्या जोडीचे ४ पाइप घेतले की खांब आठही होतात आणि आधार चार. दुसऱ्या जोडीचे ४ घेतले की आडवे आठ आणि उरलेले आठही आधार. राहिले दोन आडवे, त्यांना नववा पाइप. पहिल्या आठ पाइपांत मिळून जेमतेम ७१६ मिमी भंगार निघतं, तेही नव्वद-नव्वद मिमीच्या कांड्यांत. नवव्या पाइपातून २४९४ मिमीचा सलग तुकडा उरतो. अकराच्या तुलनेत दोन पाइप वाचले, म्हणजे अठ्ठावीस किलोच्या आसपास लोखंड.

यावर मशीनवरचा पोरगा हमखास कुरकुरतो, ‘दादा, मग दर तुकड्याला स्टॉपर हलवायचा का?’ अजिबात नाही. स्टॉपर तीनदाच लावायचा. आधी २३५० ला लावून चार पाइपांतून दोन-दोन. मग १७५० ला लावून पाच पाइपांतून दोन-दोनच. शेवटी १२०० ला लावून उरलेल्या शेपटांवर : लहान चारांतून एकेक, मोठ्या चारांतून दोन-दोन, आणि पाचवं मोठं शेपूट तसंच ठेवायचं. घसरतं ते मधल्या टप्प्यावर. अडीच मीटरचं शेपूट समोर दिसलं की ‘अजून एक निघतो की’ म्हणून तिसरा १.७५ कापला जातो आणि सगळी मांडणी बिघडते. म्हणून कापण्याआधी त्या पाच पाइपांवर खडूने ठळक ‘२’ लिहा. तोंडी सांगितलेलं मशीनच्या आवाजात कुणाच्याही लक्षात राहत नाही.

चूक चौथी : गाडीत मावत नाही म्हणून मधोमध कापून आणणं

सहा मीटरचा पाइप छोट्या टेम्पोत मावत नाही. म्हापशाहून किंवा फोंड्याहून माल आतल्या गावात न्यायचा, रस्ता अरुंद, वळणं बेताची. मग दुकानदारालाच ‘अर्धा करून दे’ सांगितलं जातं. आपल्या शेडचं काय होतं बघा. तीन मीटरच्या अर्ध्यातून २.३५ चा एकच निघतो, म्हणजे ८ अर्धे. १.७५ आणि १.२० एका अर्ध्यात बसतात, असे १० अर्धे. तरी १.२० चे दोन राहतात, त्यांना आणखी एक. १९ अर्धे झाले, म्हणजे १० पाइप. नऊचं उत्तर हाताशी असूनही एक पाइप त्या एका कापात गेला.

कापूनच आणायचं असेल तर मांडणीतल्या कापावर कापून आणा. खांबांचे चार पाइप एका टोकापासून २३५५ ला आणि आडव्यांचे पाच ३५१० ला कापायला सांगा. दुकानातला काप काटकोनात नसतो, म्हणून पाच-सात मिमी सूट ठेवली आहे. दोन्ही भाग चार मीटरच्या आत येतात आणि हिशोब मोडत नाही.

तिरक्या कापाच्या चौकटी

ग्रिलच्या किंवा फाटकाच्या चौकटीला ४५ अंशांचे काप असतील तर गणित उलट, आपल्या फायद्याचं होतं. बाहेरून दीड मीटरची चौकोनी चौकट घ्या. चार बाजू मिळून सहा मीटर, म्हणजे काप धरले तर एका पाइपात बसायला नकोत. पण प्रत्येक कापानंतर पाइप अर्धा वळवून वरची बाजू खाली घेतली, तर एकच तिरका काप दोन्ही शेजारच्या तुकड्यांना कामी येतो. ४० च्या पाइपात दर तुकड्यामागे सुमारे ३५ मिमी वाचतात आणि चारही बाजू ५८९३ मिमीत निघतात. पाइप न वळवता प्रत्येक तुकड्याचं टोक वेगळं कापलं तर मधला त्रिकोण दरवेळी भंगारात जातो. वळवण्याआधी पाइपाच्या लांबीवर असलेला जोडाचा शिवणीसारखा पट्टा कुठे आहे ते बघा. तो चौकटीच्या दर्शनी बाजूला येऊ नये.

उरलेला तुकडा

२४९४ चा तुकडा ठेवायचा आणि ९० च्या कांड्या भंगारात घालायच्या, हे सगळ्यांना कळतं. प्रश्न मधल्यांचा असतो. माझा नियम साधा आहे : तुमच्या नेहमीच्या कामात सर्वांत लहान माप जे लागतं, त्याहून आखूड तुकडा साठवायचा नाही. बाकीच्यांवर लांबी मिमीत आणि पाइपाची जाडी रंगाच्या पेनने लिहा. जाडी लिहायचं राहिलं तर १.६ आणि २ चे तुकडे दिसायला सारखेच, आणि १.६ वर २ चा करंट लावला की भोक पडतं. पावसाळ्यात हे तुकडे जमिनीवर आडवे ठेवू नका. इथल्या दमट हवेत पाणी आत साचतं, बाहेरून पाइप चांगला दिसतो आणि आतून गंजलेला असतो. एक टोक वर करून आडोशाला ठेवा, आणि पुढच्या कामाची यादी करताना या रॅकची मापं सगळ्यात आधी लिहून घ्या, नव्या पाइपांचा आकडा त्यानंतर काढा.