भिंतीचा दवबिंदू काढताना या चुका टाळा: ग्लेझर पद्धत कुठवर साथ देते

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या निम्म्याअधिक एक्सेल शीटमध्ये एकच चित्र असतं. भिंतीचा छेद, त्यातून उतरत जाणारी तापमानाची रेघ, आणि इन्सुलेशनच्या पोटात एक लाल टिंब. टिंबाशेजारी लिहिलेलं असतं, "दवबिंदू इथे पडतो". मग सगळी चर्चा ते टिंब पुढे सरकवायचं की मागे, यावर. ही चूक मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की आता ती नीट, आकड्यांसकट लिहून ठेवतो.

दवबिंदू म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, भिंतीतली जागा नव्हे. खोलीत २० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू ९.३ अंश. तो काढायला एवढं पुरतं (तापमान T अंश सेल्सिअसमध्ये, सापेक्ष आर्द्रता RH टक्क्यांत):

```
g  = ln(RH/100) + 17.62*T/(243.12+T)
Td = 243.12*g/(17.62-g)
```

आता एक भिंत घेऊ. बाहेर २४० मिमी वीट, तिच्या आतल्या अंगाला ८० मिमी मिनरल वूल, त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड. आत वर सांगितलेली हवा, बाहेर उणे ५ अंश आणि ८० टक्के. उष्णतेला होणारा रोध बघितला तर वूलचा २.०, विटेचा ०.३०, बोर्डाचा ०.०५, आणि आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेचा ०.१३ आणि ०.०४. बेरीज २.५२. पंचवीस अंशांचा फरक याच प्रमाणात वाटला जातो, म्हणून जवळजवळ २० अंश एकट्या वूलमध्ये उतरतात. बोर्डामागे १८.२ अंश, आणि वूल जिथे विटेला टेकतं तिथे उणे १.६. या उतारावर ९.३ अंश वूलमध्ये साधारण ३६ मिमी आत येतात. लाल टिंब आलं ते इथून.

पण पाणी तिथे साचत नाही, कारण वाफेचा हिशेब वेगळा आहे, आणि तो करायची आलेखाची रीत म्हणजेच ग्लेझर पद्धत. वाफेला प्रत्येक थर किती अडवतो हे आपण तितक्याच अडवणुकीच्या स्थिर हवेच्या जाडीत मोजतो, ज्याला एस-डी म्हणतात. बोर्डाचा एस-डी ०.१० मीटर, वूलचा ०.०८, विटेचा २.४. म्हणजे वाफ बोर्ड आणि वूल सहज ओलांडते आणि विटेपाशी येऊन तुंबते. आतला बाष्पदाब ११६८ पास्कल, बाहेरचा ३२१. एस-डीच्या प्रमाणात सरळ रेघ ओढली तर विटेच्या तोंडाशी ११०९ पास्कल येतात. उणे १.६ अंशाला मात्र हवेत ५३३ पास्कलपेक्षा जास्त वाफ मावतच नाही.

नवखे लोक इथे थांबतात. दाबाची रेघ संपृक्त दाबाच्या, म्हणजे या कमाल मर्यादेच्या, वक्राला जिथे छेदते तिथून पुढचा सगळा भाग ओला, असं रंगवून मोकळे होतात. इथे थांबायचं नसतं. दाब संपृक्ततेच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे ती रेघ खोटी ठरली आणि ती पुसून पुन्हा काढायची. संपृक्त वक्र म्हणजे छप्पर समजा आणि त्याखालून आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. आपल्या भिंतीत दोरी छपराला एकाच ठिकाणी टेकते, वूल आणि विटेच्या सांध्यावर. पाणी तिथेच. अशा भिंती मी उघडल्या आहेत. वूलच्या मध्यावर हात घातला तर तंतू कोरडे असतात, आणि विटेला लागलेली बाजू हाताला गार, चिकट लागते. कडक थंडीत तिथे पांढरी बर्फाची साय धरलेली दिसते.

पाणी किती, हेही आता निघतं. सांध्याकडे दिवसाला दर चौरस मीटरमागे ६१ ग्रॅम वाफ येते आणि विटेतून जेमतेम दीड ग्रॅम बाहेर पडते. ९० दिवसांच्या हिवाळ्यात ५.३ किलो साठतात. जर्मन प्रमाण डीआयएन ४१०८-३ मध्ये भिंती-छपरांसाठीची साधारण मर्यादा चौरस मीटरला १ किलो, आणि तेवढंही उन्हाळ्यात पूर्ण वाळलं पाहिजे. म्हणून आतून वाफ अडवणारा पडदा लावतात. एस-डी २ मीटरचा पडदा लावला की साठा दिवसाला साडेतीन ग्रॅमवर, म्हणजे हिवाळ्यात ३१५ ग्रॅमवर येतो.

काही चुका एका ओळीत सांगून होतात. दाबाची रेघ मिलिमीटरच्या जाडीवर काढू नका, एस-डीच्या अक्षावरच ती सरळ असते. आर्द्रतेचे टक्के थराथरांतून "उतरवत" नेऊ नका, उतरतो तो दाब. शून्याखाली संपृक्त दाबासाठी बर्फाचं सूत्र वापरा, पाण्याचं नव्हे. एसी लावलेल्या खोलीत दमट हवामानात वाफ उलट दिशेने वाहते, तिथे थंडीतला पडदा त्याच जागी चिकटवू नका. आणि बुरशीला दवबिंदूची गरज नसते. पृष्ठभागाशी आर्द्रता ८० टक्के टिकून राहिली तरी तिला पुरतं, म्हणजे आपल्या खोलीत १२.६ अंशांखालचा कोपरा धोक्याचा. ९.३ ची वाट बघू नका.

आता त्या चुकीबद्दल, जी मी स्वतः केली.

वर सांगितलेल्यासारखीच भिंत, जुन्या इमारतीतली, बाहेरून गिलावा नसलेली उघडी वीट. मजल्याच्या लाकडी तुळयांची टोकं विटेत रुतलेली. एस-डी २ चा पडदा चालत होता, पण मला आकडा शून्य हवा होता. म्हणून मी जाड पॉलिथिनचा पडदा सुचवला, एस-डी १००. शीट पुन्हा चालवली. आत शिरणारी वाफ दिवसाला ०.१ ग्रॅम, बाहेर जाऊ शकणारी दीड ग्रॅम, साठा शून्य. हिवाळा गेला, तक्रार नाही. जुलैत फोन आला की जोत्याजवळ बोर्डाला तपकिरी डाग पडलेत. पाइप फुटला असेल असं समजून मी गेलो. बोर्ड काढला तर पॉलिथिनच्या मागच्या बाजूला, वूलच्या अंगाला, टपोरे थेंब लोंबत होते आणि खाली ओघळ जाऊन तळाची लाकडी पट्टी भिजली होती. एका तुळईच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर दोन सेंटिमीटर विनासायास आत गेला.

पाणी खोलीतून आलंच नव्हतं. ते पावसाचं होतं. उघडी वीट आडव्या पावसात स्पंजासारखी पिते, आणि त्यानंतर ऊन पडलं की तापते. ३५ अंशांच्या ओल्या विटेच्या छिद्रांत बाष्पदाब ५६२० पास्कलच्या घरात असतो. मागचा पडदा खोलीच्या बाजूने २४ अंशांवर, त्याचा संपृक्त दाब २९८५. मध्ये फक्त वूल, एस-डी ०.०८. हिशेब केला तर तासाला चौरस मीटरमागे २४ ग्रॅम पाणी पडद्यावर जमतं. एस-डी २ च्या पडद्यासकट साठणाऱ्या ज्या आठवड्याभराच्या ओलीची मला काळजी होती, तेवढी ओल उन्हाच्या एका तासात उलट बाजूने आली, आणि माझ्या पॉलिथिनने तिला खोलीकडे वाळायची वाट बंद केली होती.

ग्लेझरच्या शीटमध्ये पावसाला रकानाच नाही. हेल्मुट ग्लेझर यांनी १९५८-५९ च्या सुमारास ही आलेखाची रीत शीतकरण तंत्राच्या नियतकालिकात मांडली, आणि ती जे गृहीत धरते ते स्पष्ट आहे: हवामान स्थिर, प्रवाह एकाच दिशेत, पाणी फक्त वाफेच्या विसरणाने हलतं, आणि पदार्थ कोरडे होऊनच सुरुवात करतात. वीट पाणी साठवते, केशाकर्षणाने पुढे ढकलते, ओली झाली की उष्णता जास्त सोडते, यातलं काही हिशेबात येत नाही. म्हणून ती दोन्ही बाजूंनी चुकते. माझ्या भिंतीला तिने पास केलं. उलट कॅल्शियम सिलिकेटच्या पाट्या आतून लावल्या तर ती बहुतेकदा नापास करते, जेव्हा प्रत्यक्षात त्या पाट्या सांध्यावरचं पाणी शोषून खोलीकडे परत आणतात आणि वर्षानुवर्षं नीट चालतात.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे फटीतून जाणारी हवा. खोलीच्या एक घनमीटर हवेत साधारण ८.६ ग्रॅम वाफ असते. ती स्विचबोर्डाच्या कडेने आत शिरून उणे १.६ अंशांच्या विटेला लागली की ४.३ ग्रॅमच धरू शकते, उरलेली तिथेच सोडते. म्हणजे दिवसभरात चौरस मीटरमागे एक घनमीटर हवा झिरपली, की पडद्यासकट काढलेल्या साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त पाणी तिथे पडलं. एस-डी २ की ५ यावर तास घालवणारे लोक पडद्याचे जोड साध्या सेलोटेपने चिकटवतात, हे मला सहन होत नाही. मी जोडांवर हात फिरवून बघतो, आणि थंड, वाऱ्याच्या दिवशी पंख्याने खोलीतली हवा बाहेर ओढून प्रत्येक सॉकेटशी धुराची कांडी धरतो. धूर हलला तर शीट बाजूला ठेवतो, आधी फट बुजवतो.

माझी आताची सवय अशी आहे. ग्लेझर मी अजूनही हाताने काढतो, कारण कुठला सांधा धोक्याचा आहे हे त्यातून दहा मिनिटांत कळतं. पण उघडी वीट, आतून इन्सुलेशन, विटेत रुतलेलं लाकूड, किंवा बांधकामातली ओल अजून वाळायची आहे, यातलं एक जरी असेल तरी त्याच्या निकालावर सही करत नाही. तिथे ईएन १५०२६ या युरोपीय प्रमाणानुसार तासातासाचं हवामान, पाऊस आणि ऊन धरून सिम्युलेशन करतो, किमान तीन वर्षांचं, म्हणजे ओल वर्षागणिक वाढतेय की उतरतेय ते दिसतं. विटेचं पाणी पिण्याचं प्रमाण पुस्तकातून न घेता भिंतीवरच मोजतो.

त्या इमारतीत पॉलिथिन काढून आर्द्रतेनुसार एस-डी बदलणारा पडदा लावला. कोरड्या हिवाळ्यात तो घट्ट राहतो, आणि उन्हाळ्यात ओल आली की खुला होऊन आतल्या बाजूने वाळू देतो. त्याआधी बाहेरून विटांमधल्या दर्जा नव्याने भरल्या, कारण पाऊस अडवल्याशिवाय नुसता पडदा बदलून भागलं नसतं. एका तुळईचं टोक कापून पोलादी जोड द्यावा लागला. उरलेल्या टोकांजवळ ओल मोजणारे खिळे ठोकून ठेवले आणि दर महिन्याला आकडे लिहिले. लाकडातली ओल २६ टक्क्यांवर होती, ती १७ वर यायला दुसरा उन्हाळा उजाडला.