सावत्र वडील गेले, मेसेज काय करायचा?

मैत्रिणीचे सावत्र वडील गेले की ग्रुपवर लोक पटकन "RIP" टाकून मोकळे होतात, आणि कोणीतरी हळूच विचारतंच, "सख्खे नव्हते ना?" हे तेवढं टाळा. ती त्यांना काका म्हणायची तर आपणही काकाच लिहायचं, "तुझे स्टेपफादर" नको. आणि त्यांनी तिच्यासाठी केलेलं एखादं काम आठवत असेल तर तेच लिहा, म्हणजे "काका गेल्याचं कळलं गं, खूप वाईट वाटलं. बारावीला रोज सकाळी क्लासला सोडायला स्कूटरवर तेच यायचे, अजून डोळ्यासमोर आहे." बास, एवढं पुरतं. आठवण नसेल तर "काकांबद्दल सांगावंसं वाटलं तर फोन कर, मी ऐकतेय" म्हणा.

खरी गोची पुढे असते. निधनाच्या बातमीत मुलीचं नाव गाळलेलं असतं, दहाव्याला नातेवाईक तिला मागे बसवतात, ऑफिसात सुट्टी मागितली तर "इमिजिएट फॅमिली"वर गाडी अडते. जवळची असाल तर दहाव्याला तिच्या शेजारी जाऊन बसा, आणि तेराव्यानंतर, फोन येणं थांबतं ना तेव्हा, एकदा आवर्जून जाऊन या. लहानपणी तिला सांभाळणारे पालक आईवडील गेले तरी हेच, फक्त "तुझे खरे आईबाबा कुठे असतात?" हे चुकूनही विचारू नका.