स्पेलिंग विचारताना अडलेली जागाच विचारा

रावेरकडच्या केळी उत्पादकांच्या बैठकीत करपा रोगावर बोलताना साहेब ‘प्रोपिकोनॅझोल’ म्हणून पुढे जातात. घरी येऊन मोबाइलवर शोधायचं, तर लिहायचं कसं?

आधी कानावर पडलं तसं देवनागरीत लिहून ठेवा. मग बोलणं जरा थांबलं की विचारा, “साहेब, पी-आर-ओ-पी-आय इथपर्यंत लिहिलंय. पुढे सी की के? आणि ‘झो’ला झेड की जे?” नुसतं “स्पेलिंग काय?” विचारलं, तर अख्खा शब्द भरभर सांगितला जातो आणि आपण पुन्हा तिथेच अडतो. क, झ, स यांसारख्या आवाजांना इंग्रजीत वेगवेगळी अक्षरं येऊ शकतात, म्हणून शंका बहुतेक तिथेच असते.

ऑनलाइन बैठकीत बी-डी-पी-टी सारखेच ऐकू येतात. तिथे “भाऊ, चॅटमध्ये टाकता का?” हेच बरं. समोरासमोर असाल तर वही पुढे करा. शेवटी लिहिलेलं वाचून दाखवा: Propiconazole.

सुरुवात मात्र नीट ऐका. Hexaconazole हेही बुरशीनाशकच आहे, शेपूट तेच, औषध वेगळं.