ब्रिटनसाठी रेझ्युमे बदलताना: माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत गुणवत्ता विभागात काम करताना मी ब्रिटनमधील कंपन्यांकडे चार पानी रेझ्युमे पाठवत होतो आणि मुलाखतीचे बोलावणे येत नव्हते. नवे टेम्पलेट व लांब कव्हर लेटर यांनी फरक पडला नाही. फार निराशा आली होती.

उपयोगी पडला तो पुढील क्रम. प्रथम फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, पासपोर्ट क्रमांक आणि शेवटचे सहीसह प्रतिज्ञापत्र काढले. तिथे २०१० च्या समानता कायद्यानुसार वय, विवाह, धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही, म्हणून हा तपशील अपेक्षितच नसतो. वर फक्त नाव, शहर, +91 सह फोन, ईमेल आणि व्हिसा प्रायोजकत्व लागेल हे स्पष्ट सांगणारी ओळ ठेवली.

मग सर्वांत अलीकडची नोकरी आधी घेतली आणि दहावी-बारावीचे गुण वगळले. सर्वाधिक वेळ कामाच्या वर्णनाला दिला: ‘कास्टिंगची तपासणी करणे’ याऐवजी ‘मोल्डिंगच्या वाळूतील ओलावा नियमित मोजून ब्लोहोलमुळे होणारे रिजेक्शन ६ वरून ३ टक्क्यांवर आणले’ असे लिहिले, कारण पहिल्या वाक्यातून फक्त पद कळते, काम कळत नाही. शेवटी ए-फोर आकाराच्या दोन पानांत बसवून पीडीएफ केली. त्यानंतर मुलाखती सुरू झाल्या. जर्मनीत मात्र फोटो अजूनही अनेकजण लावतात, त्यामुळे हीच प्रत तिथे जशीच्या तशी पाठवू नये.